आधी दोन बाटल्या विकत घे, मग मेल लिही

«ताई, मी फोंड्याला राहते. पणजीत दोन वर्षं एका एजन्सीत नोकरी केली, गेले सहा महिने स्वतंत्रपणे डिझाईनची कामं घेते. गोव्यातल्या लहान उद्योगांना आतापर्यंत चाळीसेक मेल पाठवले. उत्तरं दोनच आली. एकानं 'लोगोचे किती?' एवढंच विचारलं, दुसऱ्यानं 'सध्या नको' म्हणून कळवलं. आता डिचोलीकडच्या एका कुटुंबाला लिहायचंय. ते घरीच कोकमाचं आगळ आणि सिरप करतात, म्हापशाच्या दुकानांत ठेवतात. त्यांची लेबलं बघून वाटतं, इथं मी खरंच काहीतरी करू शकेन. माझा नेहमीचा मेल सोबत पाठवतेय. त्यात काय चुकतंय?
– एक डिझायनर, फोंडा»

तुझा मेल मी तीनदा वाचला. भाषा नीट आहे, कामाचे नमुने चांगले आहेत. पण त्यात आगळ कुठेच नाही. 'आपल्या ब्रँडला आधुनिक रूप देऊ इच्छिते' हे वाक्य वाचून त्या घरातल्या बाईंना काय कळेल, याचा विचार कर. त्या सकाळी उठून कोकमं फोडतात, मीठ लावतात, रस गाळतात, बाटल्या भरतात. आपल्याला 'ब्रँड' आहे हेच त्यांच्या मनात नसतं. त्यांच्या मनात असतं ते एवढंच, की म्हापशाच्या दुकानदारानं या खेपेला सहा बाटल्या परत का पाठवल्या.

त्या सहा बाटल्यांचं कारण तुझ्या मेलमध्ये यायला हवं, आणि ते घरी बसून सापडत नाही. तू लेबलं पाहिलीस म्हणतेस, ती बहुधा फोटोत. आता दुकानात जा. फळीसमोर दहा मिनिटं उभी राहा. आगळ आणि सिरप दोन्ही विकत घे, शेजारी शेजारी ठेव आणि दोन हात लांबून बघ. मी अशा बऱ्याच बाटल्या पाहिल्या आहेत आणि त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. दोन्ही द्रव गडद लाल, बाटली एकाच मापाची, लेबलही तेच, त्याच लाल कोकमांचं चित्र. फरक फक्त मधल्या एका शब्दाचा.

आपल्याला तो एक शब्द पुरतो. आगळ म्हणजे मिठात सुटलेला रस, तो सोलकढीत जातो, हुमणात जातो. सिरपमध्ये साखर असते, त्यात पाणी घातलं की सरबत तयार. पण बाहेरून आलेला पर्यटक 'आगळ' या शब्दाशी कुठे अडणार आहे? तो लाल रंग आणि कोकमाचं चित्र बघतो, बाटली घरी नेतो, ग्लासभर थंड पाण्यात ढवळतो आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो. माल उत्कृष्ट असतो, पण त्याला वाटतं बिघडलेला आहे. उलटही होतं. घाईत कुणी सिरप उचलतं आणि सोलकढी गोड होते.

पण मी म्हणते म्हणून हे मेलमध्ये लिहू नकोस. दुकानदाराला विचार: 'या दोन बाटल्यांत लोकांचा गोंधळ होतो का?' तो 'हो' म्हणाला तर किती वेळा, कोण, परत आणतात का, हेही विचार. 'नाही' म्हणाला तर तुझा मुद्दा तिथेच संपला, दुसरा शोध. असाच एक दुसरा सांगते. दोन्ही बाटल्या दोन रात्री फ्रीजमध्ये ठेव, सकाळी बाहेर काढून बाटलीला घाम फुटू दे आणि लेबलावरून अंगठा फिरव. साधा कागदी स्टिकर असेल तर कडा उचलतात, शाई अंगठ्याला लागते. उघडलेली बाटली बरेच जण फ्रीजमध्येच ठेवतात, त्यामुळे पुढच्या खेपेला कुठल्या नावाची बाटली मागायची हे वाचायला लेबलच उरत नाही. हा तर तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होईल.

मेलमध्ये फक्त असं पाहिलेलंच लिही. 'यामुळे तुमची विक्री कमी होतेय' हे तुला माहीत नाही, ते लिहायचं नाही. त्यांची वही त्यांच्याकडे आहे. तू फक्त फळीवर काय घडतं ते सांगायचं, हिशेब त्या मनातल्या मनात करतील आणि तो तुझ्यापेक्षा अचूक असेल.

इथे माझं एक सांगते, कारण त्याची सल अजून आहे. सुरुवातीच्या काळात दक्षिण गोव्यातल्या एका होमस्टेच्या मालकिणीला मी लिहिलं होतं, 'तुमची वेबसाईट जुनाट दिसते, ग्राहक पळून जात असतील.' ती वेबसाईट त्यांच्या मुलानं कॉलेजात असताना रात्री जागून बनवली होती. त्यांनी मला दोन ओळींत तेवढंच कळवलं. माझं निरीक्षण चूक नव्हतं, पण मी त्यांच्या घरातल्या माणसाच्या मेहनतीला नाव ठेवलं होतं. लहान उद्योगात प्रत्येक वस्तूमागे कुणीतरी घरचं असतं. तुझ्या आगळाच्या लेबलावरचं कोकमाचं चित्र कुणाच्या भाच्यानं काढलेलं असू शकतं. म्हणून लेबल वाईट आहे असं म्हणायचं नाही. दोन बाटल्या ओळखू येत नाहीत, एवढंच म्हणायचं. पहिलं वाक्य माणसावर येतं, दुसरं वस्तूपाशी थांबतं.

आता मेल कुठे जाणार ते बघ. पत्ता बहुधा तू लेबलावरूनच घेतला असशील. पाकीटबंद मालावर तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो, तोच हा पत्ता. म्हणजे तुझा मेल तक्रारीच्या पेटीत पडणार आहे. तो उघडला जाईल हा त्याचा फायदा. पण उघडणाऱ्याच्या पोटात आधी गोळा येईल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं की ही तक्रार नाही. आणि तो उघडेल बहुधा घरातला मुलगा किंवा सून, फोनवर, दुसरं काम करता करता. विषयाच्या ओळीतले पहिले चार-पाच शब्दच तिथे दिसतात. 'व्यावसायिक डिझाईन सेवेबाबत प्रस्ताव' असा विषय असेल तर 'व्यावसायिक डिझाईन' एवढं वाचूनच बोट पुढे सरकतं.

भाषेचं तू विचारलं नाहीस, पण गोव्यात ते महत्त्वाचं आहे. आपल्याकडे घरात कोंकणी, वाचायला मराठी पेपर आणि बँकेत इंग्रजी असं एकाच माणसाचं असतं. माझा नियम साधा आहे: लेबलावर किंवा त्यांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर ते ज्या भाषेत लिहितात, त्याच भाषेत मेल. या घरचं लेबल मराठीत असेल, तर मराठीतच लिही. पुढे फोनवर कोंकणीत बोलायला कुणाची ना नाही.

हे सगळं धरून मी मेल लिहिला असता तो असा. दुकानात तुला जे खरंच दिसेल त्याप्रमाणे तपशील बदल.

विषय: आगळ आणि सिरपच्या बाटल्यांची अदलाबदल

«नमस्कार,

ही तक्रार नाही. तुमचं आगळ आमच्या घरी आवडलं, त्याच निमित्तानं लिहिते आहे.

मागच्या शनिवारी म्हापशाच्या दुकानातून मी तुमचं आगळ आणि सिरप दोन्ही घेतलं. दुकानदारांशी बोलताना कळलं, की बाहेरगावचे ग्राहक सिरप समजून आगळ नेतात आणि खारट लागलं म्हणून बोलून दाखवतात. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून काढलेला फोटो सोबत आहे. लांबून त्या सारख्याच दिसतात. शिवाय फ्रीजमधून काढल्यावर लेबलाची शाई थोडी पुसली गेली.

मी फोंड्याला राहते आणि लेबल, पाकिटं यांचं डिझाईन करते. तुमच्यासाठी हे करून देऊ शकते: आगळ आणि सिरप यांची दोन वेगळ्या रंगांची लेबलं, ज्यांवर 'खारट, सोलकढीसाठी' आणि 'गोड, सरबतासाठी' हे समोरूनच वाचता येईल. चित्र आणि नाव तुमचंच राहील. छापून ठेवलेली लेबलं वाया जाऊ नयेत म्हणून झाकणावर लावायचा छोटा गोल स्टिकरही त्यातच करून देईन. तो आधी देईन, म्हणजे शिल्लक मालावर लगेच लावता येईल.

या सगळ्याचे ७,००० रुपये. निम्मे सुरुवातीला, निम्मे छपाईची फाईल दिल्यावर. पहिला नमुना दहा दिवसांत, त्यानंतर दोनदा बदल करून देईन. छपाई तुमच्या नेहमीच्या प्रेसमध्येच करा, त्यांना हवी तशी फाईल मी देते. छपाईचा खर्च यात धरलेला नाही.

जुनी लेबलं साधारण किती शिल्लक आहेत, एवढं कळवाल का? त्यावरून झाकणाचा स्टिकर करावा की थेट नवं लेबल, ते ठरवता येईल.

आपली,
(तुझं नाव, फोन नंबर)»

यातली प्रेसची ओळ साधी दिसते, पण हा मेल तिच्यावर उभा आहे. तुझी स्पर्धा दुसऱ्या डिझायनरशी नाही. आपल्याकडे लेबल छापून घेतलं की प्रेसवालाच डिझाईन करून देतो, वेगळे पैसे घेत नाही. त्यामुळे ७,००० हा आकडा वाचताच त्यांच्या मनात येणार, 'हे तर फुकट होतं.' त्यावर प्रेसवाल्याला कमी लेखू नकोस. त्यांचं त्याच्याशी वर्षांचं नातं असतं, उधारीही असते. त्याचं काम छापायचं, ते तो चांगलं करतो. पण दुकानाच्या फळीसमोर उभं राहून ग्राहकाचा हात कुठे जातो हे बघणं हे त्याचं काम नव्हे. ते तू केलंस, हे मेलच्या दुसऱ्या परिच्छेदात दिसतंच. ते वेगळं सांगू नकोस. फाईल मात्र त्याला चालेल अशी दे, आणि होकार आल्यावर आधी त्यालाच फोन कर: लेबलाचं कापलेलं माप काय, कडेला किती जागा सोडायची, पाण्यानं न भिजणारा प्लास्टिकसारखा स्टिकर छापतो का आणि कागदी स्टिकरपेक्षा किती महाग पडतो. हा शेवटचा फरक त्या बाईंना तूच सांग. नाहीतर छपाईचं बिल पाहून त्यांना वाटेल की तू अंधारात ठेवलंस.

आकडा लिहावा की नाही यावर बरेच जण वेगळं सांगतील. मी लिहावाच म्हणते, आणि ठामपणे म्हणते. लहान उद्योजक किंमत विचारायला कचरतात. न लिहिलेला आकडा त्यांच्या मनात पन्नास हजार होतो आणि मग त्या गप्प बसतात. तुला जे एक उत्तर आलं, 'लोगोचे किती?', तो माणूस तरी धीट होता. ७,००० हा माझा अंदाज आहे. तू तुझे दिवस मोज. दुकानाची फेरी, दोन लेबलं, एक स्टिकर, दोनदा बदल, प्रेसशी बोलणं, पहिली छपाई बघायला एक चक्कर. हे मिळून चार-पाच दिवसांचं काम होतं. तुझी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावू नकोस, लावताच येत नाही. आणि दोनच बदल असं लिहिलंय ते त्यांना अडवायला नाही. घरात पाच माणसं असतात, प्रत्येकाला एक रंग आवडतो. दोनदाच म्हटलं की ती आधी आपसात बोलतात आणि तुझ्यापर्यंत एक मत येतं.

मेलमध्ये एकच काम आहे हेही बघ. लोगो, इन्स्टाग्राम, वेबसाईट, बिलबुक यांतलं काही नाही. तुझ्या जुन्या मेलमध्ये सहा सेवा होत्या. त्यातून निवड करायची म्हणजे आपल्याला काय कमी आहे हे त्या बाईंनीच शोधायचं, आणि त्यासाठी त्यांच्याकडे दुपार रिकामी नसते. एकच प्रश्न विचारायचा, तोही असा की उत्तर एका आकड्यात देता येईल. 'दोन हजार उरलीत' एवढं लिहून पाठवणं सोपं आहे. आणि ते आलं की बोलणं सुरू झालं.

फोटो एकच जोड. दोन्ही बाटल्या शेजारी, दुकानात असतात तशा उजेडात. आकार लहान कर, म्हणजे फोनवर पटकन उघडेल. नवं डिझाईन करून जोडायचा मोह होईल. तुझी पिढी ते करते, मीही केलंय, पण आता करू नको म्हणते. त्यांचा मजकूर, त्यांचं बाटलीचं माप, त्यांच्या प्रेसच्या मर्यादा यांतलं काहीच तुला अजून ठाऊक नसतं. ते न जाणता केलेलं लेबल सुंदर दिसेल आणि बाटलीवर बसणार नाही. वर त्या घराला वाटेल की आपल्याला न विचारता कुणीतरी आपलं नाव बदललं. बाटल्यांचा फोटो मात्र त्यांचाच आहे, त्यावर कुणाचा आक्षेप नसतो.

लेबलावरच्या सरकारी मजकुराबद्दल मेलमध्ये एक अक्षरही नको. घटक, वजन किंवा माप, एमआरपी, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, चौकोनातला हिरवा ठिपका यांतलं काही त्यांच्या लेबलावर सुटलेलं तुला दिसेलही. पहिल्याच पत्रात ते दाखवलंस तर धमकी वाटेल. होकार आल्यावर समोर बसून सांग. तेव्हा सगळा मजकूर त्यांच्याकडून लिहून घे, व्हॉट्सअॅपवर चालेल, आणि छपाईआधी दोघींनी मिळून आकडा न आकडा वाचा. चौदा आकड्यांतला एक चुकला तर छापलेली सगळी लेबलं रद्दीत जातात आणि दोष कुणाचा यावर काम तुटतं. 'पित्तावर गुणकारी', 'वजन घटवतं' असं काही लेबलावर घालायला सांगितलं तर नम्रपणे नको म्हण. आजी तसं म्हणते ते वेगळं, पण बाटलीवर छापलेला असा दावा सिद्ध करावा लागतो.

आता वेळ. तुझं पत्र जानेवारीत आलं ते बरं झालं. कोकमं पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, आणि पाऊस लागायच्या आत आगळ भरून ठेवायची धांदल असते. त्या दोन महिन्यांत तुझा मेल कुणी वाचणार नाही, आणि चतुर्थीच्या आसपासही नाही. नव्या हंगामाच्या बाटल्यांसाठी लेबलं छापायला जातात त्याआधी, म्हणजे फेब्रुवारीत, तुझा मेल पोचायला हवा. मार्चमध्ये नमुना पक्का, एप्रिलच्या सुरुवातीला छपाई, असं उलटं मोजत ये.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा फोन कर. पुन्हा मेल नको. 'मी मेल पाठवला होता, वाचला का?' असंही नको. 'मी फोंड्याहून बोलते, तुमच्या आगळाच्या बाटल्यांचा फोटो पाठवला होता' म्हण, त्यांना लगेच आठवेल. त्या 'घरच्यांना विचारून सांगते' म्हणाल्या तर तो नकार समजू नकोस. लहान घरांत खरंच विचारतात. तेव्हा झाकणाच्या गोल स्टिकरचं तेवढं पुन्हा सांग आणि तो एकटाच करायचा झाला तर किती, तोही आकडा तयार ठेव. मी १,५०० म्हटलं असतं. पूर्ण कामाला बिचकणारं घर एवढ्याला बहुतेक वेळा हो म्हणतं, आणि फळीवर तो स्टिकर दिसायला लागला की दुकानदारच पुढचं बोलतो. सरळ 'नको' म्हणाल्या तर आभार मान आणि पुन्हा फोन करू नकोस.

आणि मेल किंवा फोन गुरुवारी-शुक्रवारी नको. शुक्रवार म्हापशाच्या बाजाराचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या घरात बाटल्या पुसून खोक्यांत भरायचं काम चालू असेल. सोमवारी दुपारी, जेवणं आटपल्यावर, अडीचच्या सुमाराला फोन कर.